गडचिंचले : एक अफवा गावातली, दुसरी फोनमधली

१६ एप्रिल २०२० ची रात्र. लॉकडाऊन लागून तीन आठवडे झाले होते. मुंबईत कांदिवलीला राहणारे दोन साधू, एक सत्तरीचे आणि एक पस्तिशीचे, आपल्या गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी सुरतकडे निघाले होते. गाडी चालवायला तिशीतला एक ड्रायव्हर होता. हमरस्त्यावर नाकाबंदी असल्याने त्यांनी आतला रस्ता धरला. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातलं गडचिंचले हे गाव दादरा-नगर हवेलीच्या हद्दीला लागून आहे. तिथे वन खात्याच्या चौकीपाशी गाडी अडवली गेली. बघता बघता शेकडो माणसं जमली. चोर आलेत, पोरं पळवणारे आलेत, अशी हाकाटी झाली. पोलीस आले, पण जमावापुढे त्यांचं काही चाललं नाही. गाडीत बसलेल्या, मग चौकीच्या आडोशाला नेलेल्या त्या तिघांनाही जमावाने ठार मारलं.

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. खोट्या बातम्यांवरचा तास घ्यायचा म्हटलं की मुलांना परदेशातल्या निवडणुकांची उदाहरणं आधी आठवतात. मी मात्र दरवर्षी गडचिंचलेच घेते. कारण या एका घटनेत दोन वेगवेगळ्या अफवा आहेत, आणि आपण बोलताना त्यांची सरमिसळ करतो. पहिली अफवा त्या रात्रीच्या आधी गावागावांत फिरत होती. तिने तीन जीव घेतले. दुसरी अफवा तीन दिवसांनी सुरू झाली, घटनास्थळापासून शेकडो किलोमीटरवर बसलेल्या, पोटापाण्याने सुखरूप असलेल्या लोकांच्या फोनमध्ये. दोन्हींना आपण ‘फेक न्यूज’ म्हणून मोकळे होतो. पण पहिली भीतीतून जन्मली आणि दुसरी ओळखीतून, म्हणजे ‘आपण कोण आणि ते कोण’ या प्रश्नातून. दोन्हींची पसरण्याची रीत वेगळी, आणि त्यांना थोपवायचे उपायही वेगळे.

गावातली अफवा

अफवांचा अभ्यास करणाऱ्या ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकाराइतका असतो : ती बाब ऐकणाऱ्याला किती महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दलची माहिती किती संदिग्ध आहे. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतली एक गोष्ट शून्य असेल तर अफवा उभीच राहत नाही. पुढे तामोत्सु शिबुतानी या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये याला आणखी खोली दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं, त्यांत तो स्वतः होता. बाहेरची खात्रीची बातमी जिथे पोचत नाही, तिथे माणसं एकमेकांशी बोलून बातमी ‘तयार’ करतात, हे त्याने आतून पाहिलं होतं. त्याच्या मते अफवा म्हणजे अडाणीपणा नव्हे. अधिकृत माहिती तुटपुंजी आणि गरज मोठी, अशा वेळी लोकांनी मिळून लावलेला अर्थ म्हणजे अफवा.

एप्रिल २०२० मध्ये डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात हा गुणाकार फार मोठा झाला होता. सगळं अचानक बंद पडलेलं. आजार दिसत नाही, तो कसा येतो ते कुणी नीट सांगत नाही. अशात रात्री चोर येतात, लहान मुलं पळवतात, त्यांच्या किडन्या काढतात, चोर पोलिसांच्या किंवा साधूंच्या वेषातही येतात, असं कानोकानी फिरायला लागलं. गावांनी रात्रीची गस्त सुरू केली. घटनेच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी त्याच परिसरात मदतकार्य करून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता आणि त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही दगडफेक झाली होती. म्हणजे इशारा मिळालेला होता.

इथे ‘वेषातही येतात’ हे दोन शब्द थांबून पाहण्यासारखे आहेत. सगळी अफवा या दोन शब्दांवर टेकलेली आहे. चोर साध्या माणसासारखा दिसतो असं म्हटलं, की खुलासा करणाराच संशयित होतो. मी डॉक्टर आहे म्हटलं तर डॉक्टरच्या वेषातला चोर. पोलीस म्हणाले हे साधू आहेत, तर पोलीसच खरे कशावरून? अफवेने स्वतःच्या खंडनाचा बंदोबस्त आधीच केलेला असतो. पुढे दुसऱ्या अफवेत हीच युक्ती जास्त शिकलेली माणसं वापरताना दिसतील, म्हणून ती इथे लक्षात ठेवू.

बाहेरच्या माणसावरचा अविश्वास या पट्ट्यात एका रात्रीत आलेला नाही. सावकार, ठेकेदार, जंगल खात्याचे लोक, जमिनीचे दलाल : रात्री-बेरात्री गाडीतून येणारा अनोळखी माणूस म्हणजे काही चांगलं नव्हे, हा पिढ्यांचा अनुभव आहे. हे मी तिघांच्या खुनाची सफाई म्हणून सांगत नाही. तीन निःशस्त्र माणसांना मारणं हा खून आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी इशारा मिळूनही आपण हातावर हात धरून बसू.

ही पहिली अफवा व्हॉट्सॲपने घडवली असं सरसकट म्हटलं जातं. ते मला पटत नाही. २०१८ मध्ये देशभर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी माणसं मारली जात होती, तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ खरोखर फोनवरून आला होता. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला जागृतीपट होता. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात; तो शेवटच कुणीतरी कापला होता. तिथे फोनचा वाटा स्पष्ट आहे. त्या हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण लावली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. ७ एप्रिल २०२० ला तर अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, इतका ब्रेक लावला. गडचिंचलेच्या नऊ दिवस आधी! तरी ती रात्र आलीच. तोंडी चालणाऱ्या अफवेला हा ब्रेक लागत नाही. गणपती दूध पितो ही वार्ता २१ सप्टेंबर १९९५ ला एका दिवसात देशभर गेली, तेव्हा कुणाच्या खिशात व्हॉट्सॲप होतं? लँडलाइन आणि शेजारीण एवढ्यावर काम भागलं.

फोनमधली अफवा

तीन दिवस या घटनेची राज्याबाहेर फारशी चर्चा नव्हती. १९ एप्रिलला व्हिडिओ बाहेर आले. एक म्हातारे साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येतात, आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडतो. ज्याने ते पाहिलं त्याला झोप लागली नसेल. मलाही लागली नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने पोलिसाचा हात किती विश्वासाने धरला होता, ते अजून डोळ्यांसमोर येतं.

याच व्हिडिओचा एक तुकडा वेगळा काढून फिरवला गेला. त्यावर लिहिलेलं : नीट ऐका, मागून कुणीतरी ओरडतंय, ‘मार शोएब मार’. म्हणजे मारणारे मुसलमान.

मी तो तुकडा वर्गात वापरते, पण मारहाणीचं चित्र न दाखवता, फक्त आवाज. अर्ध्या मुलांना आधी काहीच सांगत नाही. त्यांना गोंगाट ऐकू येतो, ‘बस’, ‘ए’, ‘अरे’ असे शब्द ऐकू येतात. दुसऱ्या अर्ध्यांच्या हातात आधी ‘शोएब’ लिहिलेली चिठ्ठी देते. त्यांतल्या बहुतेकांना शोएब ऐकू येतो, अगदी स्वच्छ. तथ्यतपासणी करणाऱ्या बूम आणि ऑल्ट न्यूज यांनी आवाज संथ करून, पुन्हा पुन्हा ऐकून सांगितलं की तो माणूस ‘ओए बस, ओए बस’ म्हणतोय, म्हणजे थांबवायला बघतोय. आता हे दोन शब्द तोंडाने म्हणून पाहा. ‘ओए बस’ यात ओ, ए, ब, स. ‘शोएब’ यात श, ओ, ए, ब. ओ, ए, ब हे तीन ध्वनी तेच आणि त्याच क्रमाने. ‘ओए बस, ओए बस’ भरभर म्हटलं तर पहिल्या ‘बस’चा स पुढच्या ‘ओए’ला चिकटतो आणि ‘सोएब’ तयार होतो. गोंगाटात स आणि श यांतला फरक कोण ऐकतो! कानाला आधी सांगितलेलं असलं की कान तेवढं पूर्ण करून घेतो.

म्हणून ज्यांना शोएब ऐकू आला ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो खरंच ऐकू आला. हे मुलांना पटायला वेळ लागतो, कारण खोटी बातमी म्हणजे कुणीतरी लबाड आणि बाकी मूर्ख, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. चिठ्ठी लिहिणारा लबाड असेलही. पण ती चिठ्ठी एप्रिल २०२० मध्येच इतकी सहज का चिकटली? कारण मार्चच्या अखेरीपासून निजामुद्दीनच्या तबलिगी जमातीच्या मेळाव्यावरून ‘कोरोना जिहाद’ हा शब्द समाजमाध्यमांवर आणि वाहिन्यांवर अखंड फिरत होता. खलनायकाची जागा आधीच आखून ठेवलेली होती. नाव तेवढं भरायचं होतं, आणि गोंगाटातून ते मिळालं.

मामांचा प्रश्न

आमच्या घरच्या ग्रुपवर तो तुकडा माझ्या मामांनी टाकला. मामा निवृत्त बँक अधिकारी, आयुष्यभर कागद तपासून सही करणारे. त्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांनी लोकांसमोर येऊन हा धार्मिक प्रकार नसल्याचं सांगितलं होतं. २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नाही असं सांगितलं. मी ती यादी ग्रुपवर टाकली. मला वाटलं, विषय संपला.

मामांचा फोन आला. म्हणाले, “अगं, यादी पाहिली. पण यादी दिली कोणी?”

“गृहमंत्र्यांनी, मामा.”

“तेच म्हणतोय मी. त्यांचंच सरकार, त्यांचीच यादी. तुला ते खरं सांगतील असं वाटतं?”

“मग तुम्हाला कुणाची यादी चालेल?”

मामा जरा थांबले. मग म्हणाले, “तू रागावू नकोस. पण तुमच्या कॉलेजातल्या लोकांनाही यातलं फारसं खरं ऐकायचं नसतं.”

या संभाषणाने मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. समाजमाध्यमांमुळे माणूस एका बंद खोलीत जातो, त्याला दुसरी बाजू ऐकूच येत नाही, हे वाक्य आपण फार वेळा वापरतो. मामांना दुसरी बाजू ऐकू आली होती. यादी त्यांच्या फोनवर होती, त्यांनी ती उघडून वाचली होती. सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञाने २०२० मध्ये छापलेल्या एका निबंधात हा भेद नेमका केला आहे. काही ठिकाणी दुसरी बाजू नुसती पोचलेली नसते. त्याला तो बुडबुडा म्हणतो, आणि तो माहिती पोचली की फुटतो. दुसऱ्या प्रकारात बाहेरची माहिती पोचते, पण ती देणाऱ्यावरचा विश्वास आधीच काढून घेतलेला असतो. प्रतिध्वनी-कक्ष म्हणायचं ते याला. इथे नवी माहिती आली की कक्ष उलट बळकट होतो, कारण ‘ते असंच म्हणणार’ हे भाकीत खरं ठरतं. गावातल्या अफवेतलं ‘वेषातही येतात’ आणि मामांचं ‘यादी दिली कोणी’ ही एकच युक्ती आहे.

याचा पुरावा प्रयोगातूनही मिळालेला आहे. अमेरिकेत ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्विटर वापरणाऱ्यांना थोडे पैसे देऊन महिनाभर विरुद्ध विचारांच्या खात्याचे संदेश वाचायला लावलं. अपेक्षा अशी, की दुसरी बाजू वाचली की माणसं मवाळ होतील. रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारे लोक उलट अधिकच कडवे झाले. डेमोक्रॅटिक बाजूला झुकणाऱ्यांत जो किरकोळ बदल दिसला, तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. अमेरिकेतला हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्याकडे घरचे ग्रुप आहेत, जात आहे, मोठ्यांचा मान आहे. पण ‘दुसरी बाजू दाखवा म्हणजे झालं’ या सोप्या उपायावरचा माझा भरवसा तेव्हाच उडाला.

आरोपी बदलला, निष्कर्ष तोच

यादी आल्यावर शोएबचा तुकडा हळूहळू विरळ झाला. पण विषय थांबला नाही. मग फिरू लागलं की हे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी घडवलं. मग, की हा कम्युनिस्टांचा भाग आहे आणि आमदार माकपचा आहे, म्हणून हे घडलं. मग, की राज्यातल्या आघाडी सरकारने मुद्दाम होऊ दिलं. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की गावची सरपंच तर भाजपची आहे. महिनाभरात त्या लहानशा गावाला इतके राजकीय रंग फासून झाले, की तिथे वारली माणसं राहतात, त्यांना आठवडाभर काय भीती वाटत होती, हे विचारायला कुणाला सवड राहिली नाही.

विद्यार्थ्यांना मी या ठिकाणी एक कसोटी देते. एखादी बातमी खोटी ठरल्यावर सांगणारा काय करतो ते पाहायचं. बातमीच महत्त्वाची असेल तर ती खोटी ठरल्यावर निष्कर्षही ढिला पडतो. इथे तसं झालं नाही. शोएब गेला, मिशनरी आला. मिशनरी गेला, कॉम्रेड आला. ‘आपल्यावर हल्ला झालाय’ हा निष्कर्ष मात्र तसूभर हलला नाही. म्हणजे निष्कर्ष आधी होता आणि बातम्या त्याला टेकू म्हणून आणल्या जात होत्या. एक टेकू काढला की दुसरा लागतो. तथ्यतपासणी टेकू काढते. ते काम मोलाचं आहे, ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण छत वेगळ्याच खांबांवर उभं असतं.

त्या खांबांना अभ्यासक भावनिक ध्रुवीकरण म्हणतात. म्हणजे एखाद्या धोरणावर मतभेद असणं वेगळं, आणि समोरच्या गटाची माणसंच नकोशी वाटणं वेगळं. मामांचं आणि माझं कुठल्याही कायद्यावर इतकं मोठं भांडण नव्हतं. पण ‘तुमच्या कॉलेजातले लोक’ म्हणताना त्यांच्या आवाजात जो दुरावा आला, तो मला आतपर्यंत लागला.

आणि माझ्या बाजूचं काय? ते सांगितलं नाही तर ही मांडणी अर्धीच राहील. आमच्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर २० एप्रिलनंतर ‘हा धार्मिक प्रकार नाही’ हे वाक्य दिवसातून दहादा येत होतं. ते खरंच होतं. जुलै २०२० मध्ये सीआयडीने डहाणूच्या न्यायालयात आरोपपत्रं दाखल केली, तेव्हाही कारण म्हणून अफवाच पुढे आली. पण आमच्यासाठी ते वाक्य म्हणजे पूर्णविराम झालं होतं. धार्मिक नाही ना, मग झालं. एक-दोन दिवस आधीच डॉक्टरांवर हल्ला झाला असताना पोलीस बंदोबस्त का वाढला नाही, पोलिसांच्या हाताला धरलेला माणूस पोलिसांसमोर कसा मारला जातो, हे प्रश्न आम्ही मोठ्याने विचारले नाहीत. कारण ते प्रश्न ‘ते लोक’ विचारत होते. मामांनी व्हिडिओ टाकताना त्या म्हाताऱ्या साधूंबद्दल जी हळहळ व्यक्त केली होती, तिला मी उत्तर दिलंच नाही. थेट यादी पाठवली. आता वाटतं, आधी “मामा, मलाही ते बघवलं नाही” एवढं लिहायला हवं होतं. यादी नंतर चालली असती.

राईनपाड्याला काय झालं होतं

हे ध्रुवीकरण घटनेतून आपोआप निघालं नाही, याचा सर्वात सबळ पुरावा त्याच राज्यातली त्याआधीची घटना आहे. १ जुलै २०१८. रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, आणि पोरं पळवणारी टोळी आली असा गलका झाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं गेलं. त्याचेही व्हिडिओ होते आणि तेही फिरले.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे आदिवासी पट्टा, दोन्हीकडे पोरं पळवणाऱ्यांची अफवा, दोन्हीकडे बाहेरून आलेले, धर्माच्या आधारावर जगणारे भटके लोक, दोन्हीकडे मोबाईलवर चित्रीकरण. राईनपाड्याला मेलेली माणसं जास्त. नाथपंथाची दीक्षा परंपरेने चालवणारी, दारोदार देवाचं नाव घेऊन भिक्षा मागणारी ती माणसं होती. तरी ‘हिंदू साधकांवर हल्ला’ असा हॅशटॅग तेव्हा देशभर धावला नाही. महाराष्ट्र हळहळला, विधिमंडळात विषय निघाला, भटक्या-विमुक्तांच्या संघटना पेटून उठल्या, आणि बाकीच्यांनी काही दिवसांत पान उलटलं.

मला याची दोन कारणं दिसतात. एक, मेलेल्यांची सामाजिक जागा. भिक्षा मागणारा डवरी गोसावी आणि आखाड्याचा साधू, दोघेही धर्माच्या वाटेवरचे, पण एकाच्या पाठीमागे मोठी संस्था, मठ, अनुयायी आहेत. दुसऱ्यामागे तंबू आणि गाढवावरचा संसार. दुसरं कारण राजकीय जुळणीचं. २०१८ मध्ये केंद्रात आणि राज्यात सत्ता एकाच बाजूची होती. राईनपाड्यावरून बोट दाखवायचं तर कुणाकडे? २०२० मध्ये राज्यात नुकतंच वेगळं सरकार आलं होतं आणि सत्तेची फाटाफूट अगदी ताजी होती. तीच अफवा आणि तशीच हत्या, पण तिला धरायला दोन तयार छावण्या समोरासमोर उभ्या होत्या. समाजमाध्यमांनी छावण्या निर्माण केल्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी छावण्यांना दर मिनिटाला दारूगोळा पुरवला, आणि कुठली घटना दारूगोळा होईल व कुठली विसरली जाईल, याची निवड छावण्यांनीच केली.

या मांडणीची मर्यादाही सांगते. दोन घटनांच्या तुलनेवरून नियम सिद्ध होत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरचे संदेश कूटबद्ध असतात; शोएबचा तुकडा किती घरांत गेला, किती जणांनी मानला, हे मोजायची सोय कुणाकडे नाही. जे मोजलं जातं ते ट्विटर-फेसबुकवरचं, उघड्यावरचं. घरच्या ग्रुपवर कोण गप्प बसलं, कुणी मनात शंका ठेवूनही काकांना उलट बोलायचं नाही म्हणून हात जोडल्याची खूण टाकली, ते कुठल्याच आकड्यात येत नाही. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी ३४ जण होते. बोललो आम्ही दोघेच.

तिसरा माणूस

गेल्या वर्षी मी वर्गात नवीन प्रयोग केला. मुलांना घटनेचं नाव लिहायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी ‘पालघर साधू हत्याकांड’ असं लिहिलं. मग विचारलं, किती जण मेले? वर्गातून आवाज आला, “दोन.” एका मुलीने हात वर केला. ती डहाणूचीच आहे. म्हणाली, “मॅडम, तीन. ड्रायव्हर पण होता ना.”

ड्रायव्हर होता. तिशीतला, भाडं घेऊन निघालेला, घरी बायको-मुलं असलेला. एका छावणीच्या गोष्टीत साधू हवे होते, तो साधू नव्हता. दुसऱ्या छावणीच्या गोष्टीत धर्माचा संबंध नाही हे सिद्ध करायचं होतं, त्यासाठी तोच सगळ्यात चांगला पुरावा होता, तरी त्यांनाही तो आठवला नाही. सहा वर्षांत त्या घटनेबद्दलचे जितके संदेश माझ्या फोनवर आले, ते त्या संध्याकाळी मी बसून चाळले. जुने, पुसले न गेलेले एकूण ६१ सापडले. त्यांतल्या ४ संदेशांत त्याचा उल्लेख होता. त्यांतला एक मामांचा होता, अगदी पहिल्या दिवसाचा, शोएबच्या तुकड्याच्याही आधीचा : “दोन साधू आणि बिचारा ड्रायव्हर. त्या पोराचं काय चुकलं होतं गं?” त्यालाही मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. मामांना फोन लावला आणि तो संदेश वाचून दाखवला.